साहेब दिवसभर मिटिंगमध्ये असतात, माझे मेल तसेच पडून राहतात. सब्जेक्ट आणि पहिली ओळ कशी लिहू म्हणजे मेल उघडून लगेच अप्रूव्हल देतील?

मी एका कारखान्यात परचेसला आहे, अप्रूव्हलच्या मेलशीच रोजचा संबंध, म्हणून तेवढ्याबद्दलच सांगते.

मिटिंगमध्ये असलेला माणूस मेल बघतो तो मोबाईलवर. तिथे यादीत तुमचं नाव दिसतं, सब्जेक्टची सुरुवातीची साधारण 35-40 अक्षरं दिसतात (फोनप्रमाणे कमीजास्त) आणि बहुतेक ॲपमध्ये त्याखाली मेलच्या पहिल्या ओळीचा तुकडा. उघडायचा की संध्याकाळी बघू, हे तेवढ्यावरच ठरतं. आता तिथे ‘कॉम्प्रेसरबाबत’ आणि खाली ‘आदरणीय सर, वरील विषयास अनुसरून आपणास कळवण्यात येते की’ एवढंच दिसलं तर साहेबांना काय कळणार, आपल्याकडून काही हवंय की नुसती माहिती आहे?

समजा मोटर बदलायचीय. मी सब्जेक्ट असा लिहीन:

‘मंजुरी हवी, गुरु. 16 पर्यंत: मोटर ₹68,000’

काय हवंय ते सगळ्यात आधी, कारण शेवट कापला जातो. आणि ‘उद्यापर्यंत’ लिहू नका, तारीखच लिहा, मेल दोन दिवसांनी उघडला तर उद्या म्हणजे कधी ते परत शोधावं लागतं.

पहिली ओळ:

‘सर, 2 नंबर कॉम्प्रेसरच्या नवीन मोटरसाठी ₹68,000 मंजूर करावेत, गुरुवारी दुपारी 12 पर्यंत ओके आलं तर सप्लायर शनिवारी बसवून देईल, नाहीतर त्याची पुढची तारीख 27 आहे.’

यात उशीर झाला तर काय होईल ते खरं खरं आलंय, म्हणून वेगळं ‘अर्जंट’ लिहायची गरजच नाही. तो शब्द दर मेलला टाकला की लोक बघायचेच बंद होतात.

त्याखाली दोन्ही कोटेशनचे आकडे मेलमध्येच लिहा, फोनवर पीडीएफ उघडायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, आणि ‘मी पहिलं घ्यावं म्हणते, वॉरंटी एक वर्ष जास्त आहे’ असं आपलं मत द्या. ‘कोणतं घ्यावं ते कळवावे’ असं लिहिलं की विचार करायचं काम त्यांच्यावर गेलं आणि मेल बाजूला पडला. एका मेलमध्ये मंजुरी एकाच गोष्टीची मागा, दोन मागितल्या तर एकीचंच उत्तर येतं.

‘कुठली मोटर?’ असा रिप्लाय आला तर समजा पहिली ओळ अपुरी होती. मेल वाचलाय पण उत्तर नाही, तर बऱ्याचदा रक्कम त्यांच्या लिमिटच्या वर असते आणि त्यांना ती पुढे फायनान्सला विचारावी लागते. अशा वेळी सब्जेक्ट कितीही चांगला असून उपयोग नाही, मेलच असा लिहा की त्यांनी एक अक्षर न बदलता फॉरवर्ड केला तरी फायनान्सवाल्याला सगळं कळेल. आठवण करायची झाली तर त्याच मेलवर रिप्लाय करा, सब्जेक्ट बदलला तर जीमेलमध्ये वेगळा मेल तयार होतो आणि आधीचे आकडे मागेच राहतात.