सिकलचा जीन संपत का नाही

अगं, तुझा मेसेज काल दादरला लोकलची वाट बघताना वाचला, त्या गर्दीत नीट रिप्लाय जमला नाही म्हणून आता चहा घेऊन बसलोय. तू विचारलंस की सिकल सेलमुळे, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या रक्ताच्या आजारामुळे, मुलं दगावायची तर नॅचरल सिलेक्शनने तो जीन कधीच पुसून टाकायला हवा होता ना, मग नंदुरबार-गडचिरोलीकडे अजून इतक्या घरांत कसा? प्रश्न बरोबर आहे, फक्त तू जीन आणि आजार एकच धरतेयस.

दोन्ही पालकांकडून आला तर एसएस, म्हणजे आजार. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे ट्रेट, आपण वाहक म्हणतो तो, आणि हा माणूस सहसा ठणठणीत असतो. आता फाल्सिपेरम मलेरियाचा परजीवी वाहकाच्या लाल पेशीत शिरला की ऑक्सिजन कमी असेल तिथे ती पेशी वाकडी होते, परजीवीची वाढ अडखळते आणि प्लीहा तसल्या पेशी उचलून बाजूला काढते. डास चावतो, इन्फेक्शनही होतं, पण गंभीर मलेरियाचा धोका साधारण 90 टक्क्यांनी कमी. अँथनी ॲलिसनने 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतून हेच मांडलं, मलेरियाच्या भागात वाहक जास्त आणि थंड डोंगराळ भागात कमी.

आता कागद घे, हा हिशोब स्वतः करून बघ. समज एका गावात 1000 मुलं जन्मली. आकडे माझे, सोपे करून घेतलेत. मलेरिया एए, म्हणजे दोन्ही जीन साधे असलेल्या, मुलांपैकी 10 टक्के मारतो, वाहकांना काही होत नाही, एसएस सगळी लहानपणीच जातात. जीन 1 टक्का असेल, म्हणजे 1000 मुलांच्या 2000 प्रतींपैकी 20, तर वाहक जेमतेम 20 आणि एसएस जवळपास शून्य, कारण दोन वाहकांची गाठच पडत नाही. एए 980 मधून 98 जातात, उरतात 882, आणि जीनचं प्रमाण 1 वरून 1.1 टक्का. वाढला!

आता जीन 20 टक्के धर. वाहक 320, एसएस 40, एए 640. मलेरियाने 64 गेले पण एसएसच्या 40 जणांबरोबर प्रत्येकी दोन-दोन जीन गेले, त्यामुळे प्रमाण उतरून 18 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मध्ये कुठेतरी तो थांबणार. ते ठिकाण 9 टक्के. तिथे 1000 मध्ये साधारण 165 वाहक, 8 एसएस, मलेरियाने 83 जातात आणि प्रमाण आहे तिथेच राहतं. दर पिढीला आठ मुलं सिकलने जातात पण 165 वाहकांपैकी एरवी मलेरियाने गेली असती अशी सोळा-सतरा वाचतात, हा सौदा गावाने केलेला नाही, कुणी ठरवलेला नाही, नुसता हिशोबातून पडलेला. (मला अजूनही तो 8 चा आकडा लिहिताना हात अडखळतो.)

मग मलेरिया गेला तर जीन जाईल? जाईल, पण गोगलगायीच्या चालीने. त्याच गावात मलेरिया पूर्ण थांबला आणि एसएस तरीही वाचत नसतील असं धरलं, तरी 9 टक्के निम्म्यावर यायला दहा-अकरा पिढ्या, म्हणजे अडीचशे वर्षांच्या वर लागतात. कारण बहुतेक जीन वाहकांत लपलेले असतात, त्यांना कुणी मारत नाही. तिकडून मुंबईला कामाला आलेली माणसं तोच जीन सोबत घेऊन येतात, इथे परळला रिपोर्ट येतात ते म्हणूनच.

दोन गोष्टी पाठ कर. वाहकाला मलेरिया होत नाही असं कुणाला सांगू नकोस, ताप आला की रक्ताचा स्मिअर काढायचाच. आणि एसएस रुग्णाला तर काहीच संरक्षण नाही, उलट मलेरिया त्याला जास्त लोळवतो.

सिकलची सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली की थांबू नकोस, ती एएस आणि एसएस वेगळं सांगत नाही, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी एचपीएलसी कर. ट्रेटमध्ये हिमोग्लोबिन ए जास्त, एस कमी, एसएसमध्ये ए जवळपास नसतंच. मी एकदा एका पोराला वाहक लिहून बसलो होतो, त्याच्या आईला विचारलं तेव्हा कळलं तीन आठवड्यांपूर्वी दुसरीकडे रक्त चढवलं होतं, ते ए सगळं दात्याचं. त्या दिवसापासून मशीन लावण्याआधी विचारतो, रक्त कधी चढवलंय का? तूही विचार. आणि हिशोबात तुला 9 च्या जागी दुसरं काही आलं तर फोटो पाठव, बघतो कुठे चुकलीस ते.