सीएसआरचं प्रपोजल दोनदा परत आलं, नक्की काय बदलू?

"आमची छोटी संस्था आहे, गोवंडीत मुलांचे वाचनवर्ग चालवतो. दोन कंपन्यांनी प्रपोजल नाकारलं, एकीने फक्त 'मोघम आहे' एवढंच कळवलं. काय बदलायचं?"

आमचंही मानखुर्दचं प्रपोजल असंच परत आलेलं. नंतर शांतपणे वाचलं तेव्हा कळलं की गरजेत २०० मुलं लिहिलीयत, बजेट १५० चं आणि निष्पत्तीत 'सुमारे ३०० मुलांना लाभ'. वाचणारा माणूस शिक्षणातला नसतो, त्याला पुढे कमिटीला उत्तर द्यायचं असतं आणि पैसे ठरल्या कामालाच गेले हे कंपनीच्या सीएफओला सर्टिफाय करावं लागतं, त्यामुळे तो आधी आकडे जुळतात का तेच बघतो.

मग एकच आकडा धरला, १२०. गरजेतून 'मुंबईतील झोपडपट्ट्यांतील भीषण वास्तव' वगैरे दोन पानं उडवली आणि लिहिलं की आम्ही चौथी-पाचवीच्या १६० मुलांना दुसरीचा उतारा वाचायला दिला, १२० जणांना जमला नाही, यादी सोबत जोडलीय. बस.

बजेटमध्ये आधी 'मानधन व इतर' असा एकच गठ्ठा होता. आता दोन शिक्षिका, प्रत्येकी महिना १४,००० म्हणजे वर्षाचे ३,३६,०००, खोलीचं भाडं १,४४,०००, पुस्तकं मुलामागे ६०० प्रमाणे ७२,०००, अर्धवेळ समन्वयक १,३२,०००, चाचण्या ३०,०००. एकूण ७,१४,०००, म्हणजे मुलामागे ५,९५०. समन्वयकाचा पगार लपवू नका हां, प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर यंत्रणेच्या खर्चाला आहे, तुमच्या प्रकल्पावर राबणाऱ्या माणसाला नाही, पण त्याचं काम एका ओळीत लिहा नाहीतर तोच खर्च पहिला कापला जातो.

निष्पत्तीत सगळ्यात जास्त घोळ होतो. '२४० वर्ग घेतले, १२० मुलं आली' हे झालं काम, बदल नाही. आम्ही लिहिलं की १२० पैकी किमान ७० मुलं वर्षाअखेर तोच उतारा न अडखळता वाचतील, चाचणी सुरुवातीला, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, आणि घेणार आमच्या शिक्षिका नाहीत तर बाहेरचे दोघं. ७० च का, तर मे महिन्यात बरीच पोरं गावी जातात, काहींची घरं तोडली जातात आणि ती थेट दुसऱ्या वॉर्डात जातात, हेही लिहून टाकलं. शंभर टक्के लिहिलंत की तिथेच शंका येते. आणि महिने पैसे जमा झाल्यापासून मोजा, जूनपासून नको, आमचा पहिला हप्ता ऑगस्टच्या शेवटी आला होता.

बाकी सीएसआर-१ नंबर, १२ए, ८०जी पहिल्याच पानावर टाका, शोधायला लावू नका. आणि पाठवण्याआधी संस्थेबाहेरच्या कोणालातरी फक्त आकडे वाचायला द्या, माझ्या भावाला (बँकेत आहे) पाच मिनिटांत पुस्तकांच्या बेरजेतली चूक सापडली होती.