घटसर्प: एक म्हैस दगावल्यावर लस द्यावी का?

प्रश्न: सायंकाळी म्हशीला ताप आला, गळा सुजला आणि पहाटे ती दगावली. पाऊस सुरू झाला आहे. उरलेल्या जनावरांना आता लस द्यावी का?

उत्तर: द्यावी, परंतु आधी प्रत्येक जनावराचे तापमान मोजावे. ही लक्षणे घटसर्पाची दिसतात, आणि लसीचे संरक्षण तयार होण्यास साधारण दोन ते तीन आठवडे लागत असल्याने आज दिलेली लस आज शरीरात असलेल्या जंतूंना रोखू शकत नाही. ज्यांचा ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या आसपास किंवा वर आहे, त्यांना लस न देता वेगळे बांधावे आणि पशुवैद्यकांकडून ताबडतोब प्रतिजैविक द्यावे. ज्यांना ताप नाही त्यांनाच लस द्यावी आणि पुढील काही दिवस सकाळ-संध्याकाळ तापमान पाहावे.

उपचाराचा खरा उपयोग ताप चढताच होतो. गळ्याखाली गरम, दुखरी आणि बोटाने दाबल्यास खळगा पडणारी सूज आली, श्वास घरघरू लागला, की जनावर सहसा वाचत नाही, म्हशीत तर फारच क्वचित. (सूज मांडीवर असून दाबल्यावर चरचर आवाज येत असेल, तर फऱ्याचा संशय घ्यावा.)

पुढील वर्षी लस पावसाच्या किमान तीन आठवडे आधी टोचून घ्यावी. तुरटीयुक्त लसीचे संरक्षण चार ते सहा महिने, तर तेलयुक्त लसीचे नऊ ते बारा महिने टिकते, म्हणून कोणती दिली ते लिहून ठेवावे. मृत जनावर न फाडता खोल पुरावे.