केस स्टडी राउंड: वरिष्ठांसमोर निष्कर्ष कोणत्या क्रमाने मांडायचे

प्रश्न: नाशिकच्या अंबडमधल्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत बिझनेस अॅनालिस्टसाठी शेवटचा राउंड आहे. दोन सहामाहींच्या ऑर्डरची एक्सेल फाइल दिली आहे. वेळेत डिलिव्हरीचं प्रमाण का घसरलं ते शोधून प्लँट हेड, सेल्स हेड आणि फायनान्स हेडसमोर १५ मिनिटांत मांडायचं आहे. विश्लेषण झालंय, पण १४ स्लाइड झाल्यात आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाहीये. क्रम कसा लावू?

उत्तर:

तुमच्या १४ स्लाइड बहुधा तुम्ही ज्या क्रमाने काम केलंत त्याच क्रमात असतील. आधी डेटा कसा साफ केला, मग महिन्यांप्रमाणे, मग ग्राहकांप्रमाणे, मग पार्टप्रमाणे, आणि अकराव्या-बाराव्या स्लाइडवर कारण. अशा राउंडमध्ये पॅनेलच्या बाजूला मी बऱ्याचदा बसलो आहे. प्लँट हेड तिसऱ्या स्लाइडलाच विचारतात, "मग नक्की झालंय काय?" तिथे उमेदवार म्हणतो, "सर, ते पुढे येतंय," आणि त्यानंतर कोणी नीट ऐकत नाही. त्यांना सोमवारपासून काय बदलायचं ते ठरवायचं असतं, म्हणून ते आधी यायला हवं.

पण नुसत्या स्लाइड उलट्या लावून भागणार नाही. घसरण किती, कशामुळे आणि त्यावर काय करावं, हे तुम्हाला दोन-तीन वाक्यांत सांगता येत नसेल तर विश्लेषण अजून संपलेलं नाही. तुमची फाइल मी पाहिलेली नाही, म्हणून सोपे आकडे धरून एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. तुमच्या फाइलमध्ये आकडे वेगळे निघतील, कदाचित कारणही वेगळं निघेल. पद्धत मात्र हीच ठेवा.

समजा दोन्ही सहामाहींत २,००० ऑर्डर आहेत. वेळेत गेलेल्या ऑर्डर पहिल्या सहामाहीत १,८४० होत्या, म्हणजे ९२ टक्के. दुसऱ्या सहामाहीत १,७२४, म्हणजे ८६.२ टक्के. घसरण ५.८ टक्के अंकांची. इथे बहुतेक जण महिन्यांचा आलेख काढतात आणि "ऑगस्टपासून प्लँटची कामगिरी खालावली" असं लिहून मोकळे होतात.

आता ऑर्डरचे दोन प्रकार वेगळे करा: महिन्याच्या शेड्यूलच्या आणि तातडीच्या. पहिल्या सहामाहीत शेड्यूलच्या १,७६० ऑर्डर होत्या, त्यांपैकी ९५ टक्के वेळेत गेल्या. तातडीच्या फक्त २४०, त्यांपैकी ७० टक्के वेळेत. दुसऱ्या सहामाहीत शेड्यूलच्या १,४०० उरल्या आणि त्यांचं प्रमाण ९४ टक्के. तातडीच्या मात्र ६०० झाल्या आणि त्यांचं प्रमाण ६८ टक्के. प्रत्येक प्रकारात प्रमाण एक-दोन अंकांनीच खाली आलंय. मग एकूण जवळजवळ सहा अंक गेले कुठे?

ते कळण्यासाठी एक छोटा हिशोब करा. ऑर्डरची वाटणी पहिल्या सहामाहीसारखीच राहिली असती आणि फक्त कामगिरी बदलली असती तर काय झालं असतं? १,७६० च्या ९४ टक्के आणि २४० च्या ६८ टक्के यांची बेरीज २,००० ला भागली की ९०.९ टक्के येतात. म्हणजे कामगिरीमुळे साधारण १.१ अंक गेले. उरलेले ४.७ अंक तातडीच्या ऑर्डरचा वाटा १२ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेल्यामुळे गेले. उशिराच्या ऑर्डर मोजल्या तर चित्र आणखी स्पष्ट होतं. शेड्यूलच्या उशिराच्या ऑर्डर ८८ वरून ८४ झाल्या, आणि तातडीच्या ७२ वरून १९२. प्लँट फारसा मंदावलेला नाही, त्याच्याकडे येणारं काम बदललंय. तीन हेड एकत्र बसलेले असताना सांगण्यासारखी गोष्ट ही आहे, आणि महिन्यांच्या आलेखात ती दिसत नाही.

त्यापुढचा प्रश्न फायनान्स हेडचा असेल: याची किंमत किती? फाइलमध्ये दंडाचा किंवा डेबिट नोटचा रकाना असेल तर तो वापरा. समजा उशिराच्या एका ऑर्डरमागे सरासरी ९,००० रुपये कापले जातात. उशिराच्या ऑर्डर १६० वरून २७६ झाल्या, म्हणजे ११६ ने वाढल्या, म्हणजे सहामाहीला सुमारे साडेदहा लाखांचा जादा फटका. असा रकाना नसेल तर रुपये मनाने बनवू नका. ऑर्डरची संख्या सांगा आणि दंडाचा दर त्यांच्याकडून मागा.

आता उपाय. तातडीच्या १९२ उशिराच्या ऑर्डर किती दिवसांनी चुकल्या ते पाहा. समजा त्यांपैकी तीन ग्राहकांच्या ८० ऑर्डर फक्त एका दिवसाने चुकल्या आहेत. या तीन ग्राहकांशी बोलून तातडीच्या ऑर्डरची मुदत दोन दिवसांऐवजी तीन दिवस केली, तर उशिराच्या ऑर्डर १९६ वर येतात आणि प्रमाण ९०.२ टक्क्यांवर जातं. सहामाहीला ७ लाख २० हजारांचा दंड टळू शकतो. हे सगळं पहिल्या स्लाइडवर असं येईल:

"वेळेत डिलिव्हरी ९२ वरून ८६.२ टक्क्यांवर आली. घसरणीचा सुमारे ८० टक्के भाग तातडीच्या ऑर्डरचा वाटा वाढल्यामुळे आहे. तीन ग्राहकांसाठी तातडीची मुदत एक दिवस वाढवण्याचा तीन महिन्यांचा प्रयोग करावा. प्रमाण सुमारे ९० टक्क्यांवर येण्याची शक्यता."

एवढंच. आलेख नाही, कंपनीची ओळख नाही, "अजेंडा" तर नाहीच. ज्यांची कंपनी आहे त्यांनाच तिची ओळख करून देण्यात दोन मिनिटं घालवणारे उमेदवार मला कायम खटकतात.

दुसऱ्या स्लाइडवर एकच आलेख: ९२ पासून ८६.२ पर्यंत उतरणारे दोन टप्पे, एक १.१ चा आणि एक ४.७ चा. वर शीर्षक म्हणून पूर्ण वाक्य लिहा. "ऑन-टाइम डिलिव्हरी अॅनालिसिस" असं शीर्षक वाचून कोणाला काही कळत नाही. "घसरणीचं मुख्य कारण कामाचा बदललेला प्रकार आहे" हे वाचलं की कळतं. फक्त शीर्षकं ओळीने वाचली तरी सगळी गोष्ट समजली पाहिजे. घरी एकदा तशी वाचून बघा, जिथे अडखळाल तिथे क्रम चुकलेला असेल. तिसरी स्लाइड तीन ग्राहकांची, चौथी प्रयोगाची आणि त्यातल्या गृहीतकांची. चार स्लाइड झाल्या. बाकीच्या दहा मागे ठेवा, प्रश्न आला की त्यातली नेमकी एक उघडा.

खरा कस चौथ्या स्लाइडवर लागतो, म्हणून तिच्यावर सर्वात जास्त वेळ घाला. प्लँट हेड म्हणतील, "तारीख पुढे ढकलली की आकडा सुधारणारच, यात सुधारणा काय?" आक्षेप बरोबर आहे आणि तो मान्य करूनच उत्तर द्यावं. एका दिवसाने चुकणाऱ्या ऑर्डर इतक्या असतील तर दोन दिवसांची मुदत मुळात पाळण्यासारखी आहे का, हे तपासायला हवं. पण ग्राहकाच्या लाइनला दोन दिवसांतच माल हवा असेल तर मुदत वाढवून उपयोग नाही. तिथे तातडीच्या कामासाठी मशिनचा काही वेळ राखून ठेवावा लागेल, आणि त्याचा खर्च या फाइलमधून काढता येत नाही. हे शेवटचं वाक्य न घाबरता बोला. सेल्स हेड विचारतील, ग्राहक कशाला ऐकेल? त्याला महिन्याचं शेड्यूल आधी दिल्यास काही सवलत देता येईल का, हा निर्णय त्यांचा आहे, तुम्ही पर्याय म्हणून पुढे ठेवा. फायनान्स हेड ७ लाख २० हजारांना हात घालतील. तिथे सांगा की ही वरची मर्यादा आहे. तिन्ही ग्राहक तयार झाले आणि एक दिवस जादा मिळाल्यावर काम आणखी एक दिवस सैल पडलं नाही, तरच एवढी रक्कम वाचते. दोनच ग्राहक तयार झाले तर किती, तो आकडाही काढून ठेवा.

एक तपासणी मात्र सगळ्यांच्या आधी करा. फाइलमध्ये ग्राहकाने मागितलेली तारीख आणि कंपनीने कबूल केलेली तारीख असे दोन रकाने आहेत का? कबूल केलेली तारीख नंतर बदलली जाते आणि जुन्या तारखेवर नवी लिहिली जाते, असं पुष्कळ ठिकाणी चालतं. मग उशिराची ऑर्डरही वेळेत गेल्यासारखी दिसते. दोन्ही रकान्यांवर प्रमाण वेगवेगळं काढा. फरक मोठा निघाला तर ती तळटीप नाही, तो तुमचा दुसरा निष्कर्ष आहे. आणि कोणता रकाना वापरला ते पहिल्याच मिनिटात, एका वाक्यात सांगून टाका. नाहीतर प्लँटकडे एक आकडा, सेल्सकडे दुसरा, आणि तुमची १५ मिनिटं कोणाचा आकडा खरा यात जातील. तारखा रिकाम्या असलेल्या ओळी वगळल्या असतील तर किती वगळल्या तेही तिथेच सांगा.

भाषेबद्दल एक. "प्लँटचा परफॉर्मन्स घसरला" किंवा "सेल्सने जास्त तातडीच्या ऑर्डर घेतल्या" अशी वाक्यं टाळा. दोन्ही माणसं समोर बसली आहेत आणि फाइलमध्ये कोणाचा हेतू लिहिलेला नाही. "तातडीच्या ऑर्डर २४० वरून ६०० झाल्या" एवढं म्हटलं की पुरतं, पुढचं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांनी आपसात चर्चा सुरू केली तर मध्ये पडू नका. ती चर्चा तुमच्या आकड्यावर चालली आहे, म्हणजे काम झालंय. ती थांबली की चौथ्या स्लाइडवर या.

वेळ १५ मिनिटं असली तरी तुमचं बोलणं आठ मिनिटांचं बसवा. उरलेला वेळ प्रश्न खातात. समोरून "आम्हाला निघायचंय, पाच मिनिटांत सांगा" असं आलं तर पहिली आणि चौथी स्लाइड दाखवा, मधल्या दोन सोडा. स्लाइड इंग्रजीत असल्या तरी पहिल्या स्लाइडवरची वाक्यं मराठीतही म्हणून बघा. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत प्लँटची माणसं शॉप फ्लोअरवर मराठीत बोलतात आणि प्रश्नही पटकन मराठीत येतो. त्या वेळी इंग्रजी शीर्षक मनात उलगडत बसलात तर हातातला आकडा निसटतो.