सीसीत टाकलेल्या मेलनंतर पुन्हा एकत्र काम

प्रश्न: वाशीत एका कस्टम्स क्लिअरिंग ऑफिसात इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघते. पार्टीकडून कागद गोळा करायचं काम माझ्या सहकारी मैत्रिणीचं, चेकलिस्ट बनवून बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा तपशील, फाइल करायचं माझं. मागच्या महिन्यात एक बिल ऑफ एंट्री, आमच्या भाषेत बीई, दोन दिवस उशिरा गेली आणि दहा हजार बसले. मी चिडून साहेबांना आणि पार्टीला सीसीत ठेवून मेल टाकला की कागद मला वेळेत मिळालेच नाहीत. नंतर कळलं, तिने ते वेळेतच पाठवले होते, मीच बघितले नव्हते. तिने सगळ्यांसमोर मला खोटारडी म्हटलं. आता आम्ही फक्त ग्रुपवर बोलतो, तेही कामापुरतं. फाइल मात्र दोघींच्याच हातातून जाते. काय करू? साहेबांना सांगून जोडी बदलून मागू का?

उत्तर: जोडी बदलायचं आत्ता नको. तो मेल साहेबांच्या आणि पार्टीच्या इनबॉक्समध्ये तसाच पडून आहे आणि जोडी बदलली तरी तो तिथेच राहणार. शिवाय तुमच्या मागणीचा अर्थ साहेब असाच लावतील की चूक तिची होती आणि तुम्हाला तिच्याबरोबर काम करणं नको झालंय.

मी या लाइनमध्ये बरीच वर्षं आहे आणि डॉक्युमेंटेशनच्या जोड्या तुटताना जवळून पाहिल्या आहेत. उशीर सगळ्यांच्याच हातून होतो. 2021 पासून साधारणपणे जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत बीई फाइल करावी लागते. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि त्यापुढे रोज 10,000 रुपये. एवढ्या घाईत एखादी फाइल निसटते, हे तिलाही ठाऊक आहे. तुम्हाला चेकलिस्ट बनवता येत नाही असं तिला वाटत नसणार. काही बिघडलं की तुम्ही तिला न विचारता तिचं नाव वर नेता, ही तिची भीती आहे. म्हणून उशिराबद्दल कितीही वेळा सॉरी म्हटलंत तरी तिला ते लागू पडणार नाही. बोलायचं आहे ते मेलबद्दल.

आधी तो मेल दुरुस्त करा. नवीन मेल नको, त्याच मेलला रिप्लाय ऑल. ज्यांनी पहिला वाचला त्या सगळ्यांपर्यंत दुसरा गेला पाहिजे, पार्टीपर्यंतसुद्धा. मजकूर चार ओळींचा पुरे: "वरच्या मेलमध्ये कागद वेळेत मिळाले नाहीत असं मी लिहिलं होतं, ते चुकीचं आहे. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बीएल मला मुदतीआधीच मेलवर आले होते. ते माझ्याकडून बघायचे राहिले. उशिराची जबाबदारी माझी आहे." इथेच थांबा. "त्या दिवशी सहा जहाजं होती" असं एक वाक्य पुढे जोडलंत की वाचणाऱ्याच्या लक्षात तेवढंच राहतं. पार्टीला असं लिहायला साहेबांची परवानगी लागत असेल तर ती आधी घ्या, पण साहेबांपुरता मेल पाठवून विषय मिटवू नका. तिचं नाव पार्टीसमोर गेलं आहे, तेव्हा ते परतही तिथेच आलं पाहिजे.

मात्र पाठवण्याआधी हा मजकूर तिला दाखवा. न सांगता गेलेला दुसरा मेल, मग तो तिच्या बाजूचा का असेना, तिच्यासाठी पुन्हा एक धक्काच असतो. तिला एखादा शब्द बदलावासा वाटला तर बदला.

दाखवताना जे बोलायचं ते समोरासमोर आणि थोडक्यात. पँट्रीत नको, तिथे कोणीतरी चहा घ्यायला येतंच. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर, बसलेल्या जागी. "तुला एक फोन केला असता तर मला कळलं असतं. तो न करता मी तुझं नाव पार्टीसमोर घेतलं. ते चूक होतं. हा मेल आज जातोय, तू वाचून घे." माफीवर रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2016 चा एक अभ्यास आहे. माफीच्या सहा भागांपैकी जबाबदारी स्पष्ट घेणं सर्वांत जास्त उपयोगी पडलं, त्याखालोखाल झालेलं नुकसान भरून देण्याची तयारी. "मला माफ कर" ही विनंती सर्वांत कमी. मला त्याचं कारण असं दिसतं की ती विनंती केली की लगेच काहीतरी उत्तर देण्याचं ओझं समोरच्यावर पडतं. ते तिच्यावर टाकू नका. ती "ठीक आहे" एवढंच म्हणून बॅग उचलेल, तर उचलू द्या. आणि "खोटारडी" हा शब्द त्या दिवशी अजिबात काढू नका. तो तुम्हाला लागला आहे हे समजतं, पण तुम्ही तो काढलात की तुमच्या माफीची लगेच अदलाबदल सुरू होते.

पुढचं सगळं रोजच्या कामात घडतं, आणि त्याला वेळ लागतो. आमच्याकडच्या एका जोडीचं सांगते. एक कळव्याचा, एक ऐरोलीचा. काम तुमच्यासारखंच वाटून घेतलेलं: ऐरोलीचा पार्टी सांभाळायचा, कळव्याचा फाइलिंग करायचा. एका कन्साइनमेंटमध्ये टॅरिफ कोड चुकला. तो पार्टीनेच दिलेला होता, पण ऐरोलीच्याने पार्टीला फोनवर सांगितलं की "आमच्या मुलाने चुकीचा टाकला". कळव्याच्याने ते शेजारच्या टेबलावर बसून ऐकलं. संध्याकाळी दोघं एकाच ठाणे लोकलने जायचे, त्या दिवसापासून डबे वेगळे झाले. ऐरोलीच्याने पार्टीला पुन्हा फोन लावून खरं काय ते सांगितलं, कळव्याच्यासमोर. तरी दोन-तीन आठवडे काहीच बदलल्यासारखं दिसलं नाही.

मग त्यांनी प्रत्येक जॉबसाठी एक सामायिक शीट सुरू केली. त्यातल्या नोंदी अशा असायच्या. ऐरोलीचा लिहायचा: "11.20, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल आले. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन बाकी, पार्टीला आठवण केली. जहाज शुक्रवारी." त्याखाली कळव्याचा: "11.35, बघितलं. सर्टिफिकेटशिवाय सवलतीचा दर लावता येणार नाही, बाकीची चेकलिस्ट करून ठेवतो." यात सगळ्यात महत्त्वाचं "बघितलं" हे. कागद पाठवले म्हणजे पोहोचले, असं धरायचं नाही. दुसऱ्याने बघितल्याचं लिहिलं की मगच जबाबदारी त्याच्याकडे गेली. तुमचा घोळ नेमका इथेच झाला होता, त्यामुळे ही शीट तुम्ही स्वतःहून सुचवा, आणि "बघितलं" लिहायची जबाबदारी तुमची आहे हेही तुम्हीच म्हणा. सुचवताना "म्हणजे पुन्हा असं होणार नाही" असं म्हणू नका, तो तिच्यावरचा पहारा वाटेल. "म्हणजे माझ्याकडून सुटणार नाही" असं म्हणा.

दुसरा नियम त्यांनी तोंडीच ठरवला: फाइलमध्ये काही चुकलेलं दिसलं तर आधी एकमेकांना सांगायचं, ग्रुपवर किंवा साहेबांकडे नंतर. आणि साहेबांकडे जायचंच असेल तर जाण्याआधी दुसऱ्याला कळवायचं.

या नियमाची कसोटी काही आठवड्यांनी लागली. ऐरोलीचा चेकलिस्ट तपासत होता. इनव्हॉइस एफओबी होतं आणि कळव्याच्याने ते सीआयएफ धरलं होतं. सीआयएफ किमतीत भाडं आणि विमा धरलेला असतो, एफओबीत तो वेगळा मिळवावा लागतो. म्हणजे माल कागदावर खऱ्यापेक्षा स्वस्त दिसत होता आणि ड्युटी कमी भरली गेली असती. फाइल झाल्यावर हे निघालं असतं तर दुरुस्तीचा अर्ज, वर प्रश्नांची सरबत्ती. जुना हिशोब चुकता करायला याहून चांगली संधी मिळाली नसती. तो उठून कळव्याच्याच्या टेबलाशी गेला, स्क्रीनवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, "अरे, हे एफओबी आहे बघ." कळव्याच्याने दुरुस्ती केली, शीटवर "बघितलं, टर्म्स बदलल्या" लिहिलं, बीई गेली. ऑफिसात कोणाला पत्ताही लागला नाही. मला हे पुढे कळव्याच्यानेच सांगितलं. माझ्या मते त्या जोडीचं खरं काम त्या दुपारी झालं, फोनच्या दिवशी नाही.

तुमच्याकडेही अशी एखादी दुपार येईल. तिच्याकडून पार्टीचा जुना इनव्हॉइस जोडला जाईल, किंवा बीएल नंबरचा एखादा आकडा चुकेल. तेव्हा तुम्ही काय करता हे ती अगदी बारकाईने बघणार आहे. सरळ तिच्याकडे जा, आणि नंतर कधीही त्याचा उल्लेख करू नका, गमतीतही नाही.

या काळात एका गोष्टीची सवय पटकन लागते, तिला आवर घाला: स्क्रीनशॉट साठवण्याची. दोघींना दिसणारी शीट वेगळी आणि स्वतःच्या फोनमध्ये गुपचूप जमवलेला पुरावा वेगळा. पुरावा जमवणारी व्यक्ती वागताना लगेच ओळखू येते. तिची वाक्यं "मी 4.10 लाच कळवलं होतं" अशी येऊ लागतात. तुमची सहकारी तशी वागत असेल तर तिला थोडे दिवस द्या, तिला कारण आहे. तुम्ही मात्र तसं करू नका. खास गोड बोलणं, तिच्यासाठी काहीबाही खायला आणणं हेही सध्या नको, त्याने ती आणखी सावध होईल.

सुधारतंय हे "गुड मॉर्निंग"वरून कळत नाही. ती वाईट बातमी लवकर देऊ लागली की कळतं. "पार्टीने अजून सर्टिफिकेट दिलं नाही, उद्यापर्यंत येईल असं वाटत नाही" हे तिने जहाजाच्या आदल्या संध्याकाळऐवजी तीन दिवस आधी सांगितलं, तर समजा की तुमच्यासमोर अडचणीत दिसायची भीती तिला कमी वाटतेय. याउलट महिना-दीड महिना झाला तरी प्रत्येक बारीक गोष्ट साहेबांमार्फतच येत असेल, तर एकदा थेट विचारा: "कामात माझं अजून काय खटकतंय?" उत्तर मिळालं तर तेवढं बदला.

याला एक मर्यादा आहे आणि ती तुम्हाला आधीच माहीत असावी. श्वाइट्झर, हर्शी आणि ब्रॅडलो यांच्या 2006 च्या प्रयोगांत असं दिसलं की नुसत्या वाईट वागण्याने गेलेला विश्वास पुढच्या सातत्याच्या चांगल्या वागण्याने परत येऊ शकतो, पण त्या वागण्यात फसवणूकही असेल तर तो पूर्णपणे कधीच परत येत नाही. तुम्ही मेल लिहिलात तेव्हा कागद आल्याचं तुम्हाला माहीत नव्हतं, आणि तिला याचीच शंका आहे, म्हणून तर ती "खोटारडी" म्हणाली. तेव्हा हे एकदाच, साध्या शब्दांत तिला सांगा: "मी तुझा मेल तोवर उघडलाच नव्हता." ती त्यावर विश्वास ठेवेल किंवा ठेवणार नाही. पटवत बसू नका.

साहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावून "चला, झालं गेलं विसरा" करायचं ठरवलं तर नम्रपणे सांगा की आमचं आम्ही बघतोय, शीट चालू आहे. आणि तिने मैत्री पुन्हा नाहीच केली, डबा वेगळाच खाल्ला, पण "बघितलं"च्या खाली "बघितलं" येत राहिलं आणि बीई वेळेत जात राहिल्या, तर तेवढ्यावर थांबा. मैत्री नको म्हणायचा तिला हक्क आहे. जोडी बदलायचा विचार तेव्हाच करा, जेव्हा शीटवरची उत्तरंच बंद होतील आणि फाइल अडू लागेल. तेव्हाही साहेबांकडे जाण्याआधी तिला सांगून जा.