ओपन ऑफर आली म्हणून लगेच शेअर देऊ नका

कोथरूडच्या आमच्या कट्ट्यावर नवखा माणूस हमखास विचारतो, "ऑफरचा भाव बाजारापेक्षा जास्त आहे, सगळे देऊन टाकू?" तुमचाही प्रश्न तोच आहे.

कोणी कंपनीतला 25 टक्के किंवा जास्त मताधिकार घ्यायला निघाला, की सेबीच्या नियमानुसार त्याला इतरांकडून किमान 26 टक्के शेअर घेण्याची ऑफर द्यावी लागते; हीच ओपन ऑफर. सगळे घ्यायचं बंधन नाही, आणि नवखे नेमके इथेच चुकतात. समजा कंपनीचे एक कोटी शेअर आहेत. ऑफर 26 लाखांची, पण लोकांनी 52 लाख दिले. मग तुमच्या 100 पैकी साधारण 50च घेतले जातील. उरलेले तुमच्याकडेच राहतील आणि ऑफर संपल्यावर भाव पडलेला असू शकतो. म्हणजे हिशोब 50 चाच करा.

सुरुवातीला एवढंच पाळा:

- मुदत 10 कामकाजी दिवसांची असते. एकदा दिलेले शेअर मागे घेता येत नाहीत, त्यामुळे घाई नको.
- स्वतंत्र संचालकांच्या समितीची शिफारस आधी वाचा. ती मुदत सुरू होण्याआधीच छापून येते.
- शेअर ब्रोकरमार्फतच द्यायचे.

आणि काहीच केलं नाही, तरी तुम्ही भागधारक राहताच.