"अर्ध्यावर डाव मोडला" असं काहीतरी असलेलं गाणं कुठलं?

"एकच ओळ आठवते, 'अर्ध्यावर डाव मोडला, अधुरी एक कहाणी' अशी काहीतरी. नाव, गायक काहीच आठवत नाही. शोधलं की मालिकाच समोर येते. काय करू?"

गाणं आहे 'भातुकलीच्या खेळामधली राजा आणिक राणी'. शब्द मंगेश पाडगावकरांचे, संगीत यशवंत देवांचं, गायलंय अरुण दाते यांनी. पण अशी अर्धवट ओळ पुन्हा कधी अडली तर काय करायचं, तेही सांगतो.

आपण गाण्यातले शब्द बोलीत आणून लक्षात ठेवतो. मूळ ओळ 'अर्ध्यावरती डाव मोडिला' आहे. तुमच्या डोक्यात 'वरती'चं 'वर' झालं आणि 'मोडिला'चं 'मोडला'. अवतरणचिन्हांत पूर्ण ओळ टाकली तर एवढ्या फरकानेही ती सापडत नाही.

चूक कुठे आहे ते चाल सांगते. ओळ चालीत म्हणा आणि टेबलावर बोटाने मात्रा मोजा. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराआधीच्या ऱ्हस्वाचीही दोन, जसा 'अर्ध्या'तला 'अ'. 'अर्ध्यावरती डाव मोडिला' सोळा मात्रांची आहे. 'अर्ध्यावर' म्हटलं की दोन मात्रा रिकाम्या राहतात, आवाज उगाच ताणावा लागतो. पहिल्या ओळीतही 'आणिक'च्या जागी 'आणि' म्हणून पाहा, एक मात्रा कमी पडते. जिथे ताणावं लागतं तिथे शब्दाचं जुनं, लांब रूप असणार असं समजा: वर असेल तर वरती, आणि असेल तर आणिक. 'मोडला' मात्र कागदावर मोजून सापडत नाही, कारण लिहिताना दोन्हींच्या पाचच मात्रा भरतात. आपण 'मोड्ला' म्हणतो, म्हणून तो गातानाच अडखळतो.

आता शोधायचं काय? ओळीचा शेवट. यमक शब्दाला धरून ठेवतं, म्हणून 'राणी'शी जुळणारं 'कहाणी' तुमच्या लक्षात अचूक राहिलं. अवतरणात तेवढाच भाग ठेवा, मालिका वगळा आणि गाण्यांच्या साइटपुरता शोध घ्या:

```
"अधुरी एक कहाणी" -मालिका
"अधुरी एक कहाणी" site:aathavanitli-gani.com
```

'आठवणीतली गाणी'वर गाण्याचे पूर्ण शब्द असतात, पण यादी मुखड्याच्या पहिल्या शब्दांवरून लावलेली आहे. तुमच्याकडे मधली किंवा अंतऱ्यातली ओळ असेल तर यादी चाळून हाती काही लागत नाही. वर दिलेला दुसरा शोधच लागतो. यूट्यूबवर पुष्कळ जण नाव इंग्रजी अक्षरांत लिहितात, म्हणून तिथे `adhuri ek kahani arun date` असंही टाकून पाहा. देवनागरीत लिहिताना मात्र 'कहाणी'चं 'कहानी' होऊ देऊ नका, हिंदी गाण्यांचा ढीग येतो.

सापडल्यावर लगेच थांबू नका. ही गाणी पुढे कार्यक्रमांतून अनेकांनी गायली आहेत, आणि त्यांतही 'आणि', 'मोडला' ऐकू येऊ शकतं. शब्द नक्की करायचे असतील तर दात्यांचं मूळ ध्वनिमुद्रण ऐका.